भांडण कुठे होतं ते बघा: हाताने केलेल्या कामावरच्या पहिल्या पुस्तकाचा विषय

पंचवीस-तीस वर्षं एकच काम केलेली माणसं पुस्तक लिहायचं म्हणून माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात अनुक्रमणिका तयार असते. मी संपादनाचं आणि मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे अशा अनुक्रमणिका बऱ्याच पाहिल्यात. माणूस गवंडी असो, परिचारिका असो की द्राक्षबागायतदार, कागद साधारण एकच: मनोगत, माझी जडणघडण, व्यवसायाचा इतिहास, साहित्य आणि हत्यारे, कामाच्या पद्धती, समस्या व उपाय, भविष्यातील संधी. असा कागद दिसला की समजायचं, विषय अजून सापडलेला नाही. जे येतं ते सगळं ओळीने मांडलंय, एवढंच.

विषय कसा शोधायचा हे एका माणसाच्या उदाहरणावरून सांगते. जत तालुक्यात मोटर भरणारे एक गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. मोटर भरणं म्हणजे रिवाइंडिंग: जळालेली तार काढून नवी तार गुंडाळणं. सत्तावीस वर्षं तात्यांनी हेच केलं. बोअरमधल्या पाणबुडी मोटरी, विहिरीवरच्या मोनोब्लॉक, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, सगळं. त्यांना 'मोटर रिवाइंडिंग संपूर्ण ज्ञान' असं पुस्तक लिहायचं होतं आणि नाव वहीवर लाल शाईने लिहून झालं होतं.

मी त्यांना आधी एकच सांगितलं. लिहू नका, दुकानातल्या वह्या घेऊन या.

वहीपासून सुरुवात

स्वतःच्या कामाबद्दल माणूस आठवणीतून बोलायला लागला की त्याला दोन प्रकारच्या गोष्टी आठवतात, फार अवघड आणि फार गमतीच्या. रोजचं काम आठवत नाही, आणि पुस्तक तर रोजच्या कामातूनच निघतं. म्हणून पहिली पायरी म्हणजे कामाचा कागद समोर ठेवणं. दुकानदाराची जॉबची वही, डॉक्टरांचं रजिस्टर, गवंड्याची हजेरी आणि मापाची डायरी, बागायतदाराची फवारणीची नोंद, जे असेल ते. वही नसेल तर गेल्या महिन्यातले फोन आठवून लिहा: कोणी केला, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं. सलग शंभर नोंदी पुरतात. निवडक नकोत, कारण निवडायला बसलात की पुन्हा अवघड आणि गमतीच्याच येतील.

तात्यांच्या वहीत तारीख, नाव, गाव, एचपी, तारेचा गेज म्हणजे जाडी, वेटे म्हणजे तारेचे फेरे, आणि पैसे असे रकाने होते. शेवटी 'दोष' असा रकाना, आणि त्यात जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच शब्द: जळाली. मला वाटलं, यातून काही मिळणार नाही. पण प्रत्येक 'जळाली'च्या पुढे तीन बारीक गोल काढलेले होते. काही ठिकाणी दोन गोल भरलेले आणि एक कोरा, काही ठिकाणी एक भरलेला आणि दोन कोरे, काही ठिकाणी तिन्ही भरलेले. मी विचारलं, "तात्या, हे काय?"

"काही नाही हो ताई. मोटर उघडल्यावर कशी दिसली ते. माझं मला असावं म्हणून."

हे 'माझं मला असावं म्हणून' फार महत्त्वाचं असतं. थ्री फेज मोटरला वीज तीन तारांतून येते, एकेक तार म्हणजे एकेक फेज, आणि आत तीन वायंडिंग, म्हणजे तारेच्या तीन गुंडाळ्या असतात. चालू मोटरचा एक फेज गेला तर मोटर थांबत नाही, उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते, जास्त करंट घेते आणि तापते. या वायंडिंग जोडायच्या दोन रीती, स्टार आणि डेल्टा. जोडणी स्टारची असेल तर दोन वायंडिंग काळ्या पडतात आणि एक तांब्यासारखी लखलखीत राहते. डेल्टा असेल तर उलट: एक जळते, दोन वाचतात. तिन्ही सारख्या करपल्या असतील तर व्होल्टेज कमी होतं किंवा मोटरवर झेपत नाही एवढा भार होता. एकाच जागी काळा डाग आणि बाकी सगळं ठीक, म्हणजे तारेचं आवरण तिथे खरचटलं होतं. म्हणजे दुकानात बसून, शेतावर न जाता, तिथे काय झालं ते तात्या सांगू शकत होते. त्यांना ते ज्ञान वाटत नव्हतं. वायंडिंगचा तक्ता, वेट्यांचं गणित, हे ज्ञान वाटत होतं. ते तर आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या पुस्तकांत छापलेलंच आहे, आणि पोरं तिथूनच शिकतात.

तुमच्या वहीतही अशी स्वतःपुरती खूण असेल. फुली, गोल, नावापुढे काढलेली रेघ. ती कशासाठी केली ते आधी लिहून काढा.

वारंवार विचारलेला प्रश्न हा विषय नव्हे

पुस्तकाचा विषय शोधताना 'लोक तुम्हाला सारखं काय विचारतात ते बघा' असा सल्ला दिला जातो. मी तो देत नाही. तात्यांना लोक सर्वांत जास्त काय विचारतात? "कधी देताय?" आणि "किती घेणार?" यावर पुस्तक होत नाही. इतर धंद्यांतही हेच. वारंवार येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा एका वाक्याचं असतं, आणि एका वाक्याचं उत्तर ताणून दीडशे पानं केली की वाचकाला ते तिसऱ्या पानावर कळतं.

त्याऐवजी भांडण कुठे होतं ते बघा. शंभर नोंदींत अशा नोंदी शोधा, जिथे गिऱ्हाईक परत आलं, आवाज चढला, पैसे अडले, किंवा तुम्ही घरी जाऊन बायकोला म्हणालात की लोकांना कळतच नाही. तिथे तुमच्या आणि त्यांच्या समजुतीत खरं अंतर आहे. तुम्हाला एक गोष्ट उघड दिसतेय, समोरच्याला ती दिसत नाहीय, आणि त्यात त्याचं नुकसान होतंय. पुस्तक भरतं ते एवढ्या अंतराने.

तात्यांच्या शंभर नोंदींत एकाच हंगामात दोनदा आलेली नावं मी पेन्सिलीने गोल केली. १९ निघाली. मोटर भरून नेली, बोअरमध्ये सोडली, आणि पंधरा दिवस ते दोन महिन्यांत पुन्हा जळून आली. प्रत्येक वेळी भांडण. शेतकरी म्हणणार, तुम्ही तार हलकी वापरली. तात्या म्हणणार, तुमच्याकडे लाईट नीट नाही. शेतकऱ्याचे भरणावळीचे पैसे दोनदा गेलेले, शिवाय दर वेळी मोटर वर काढण्याचा आणि परत सोडण्याचा खर्च वेगळा, आणि डाळिंब उन्हात. १९ पैकी १४ नोंदींपुढे दोन्ही वेळी तेच गोल होते. ज्या कारणाने आधी जळाली त्याच कारणाने पुन्हा जळाली, कारण दुरुस्त फक्त मोटर झाली होती, जळण्यामागचा दोष नव्हे.

तात्या बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. मग म्हणाले, "हेच मी दर वेळी सांगतो, पण भांडणात कोण ऐकतं."

विषय सापडला: भरलेली मोटर परत का जळते. 'मोटर रिवाइंडिंग संपूर्ण ज्ञान'पेक्षा हा खूप लहान आहे, आणि सुरुवातीला सगळ्यांना तो फारच लहान वाटतो. तात्यांनाही वाटला. "सत्तावीस वर्षांत एवढंच?" असं ते म्हणाले. दुखावले होते. या जागी बरेच जण मागे फिरतात आणि पुन्हा संपूर्ण ज्ञानाकडे जातात.

एका वाक्यात, वाचकासकट

आता विषय एका वाक्यात लिहायचा. त्या वाक्यात वाचक कोण आणि त्याच्यापुढे कोणता प्रसंग उभा आहे, हे दोन्ही हवं. 'शेतकऱ्यांसाठी मोटरची माहिती' हे वाक्य चालत नाही, कारण शेतकरी हा प्रसंग नव्हे. तात्यांचं वाक्य तीनदा बदललं आणि शेवटी असं झालं: ज्याची बोअरची मोटर जळालीय आणि जो ती भरायला टाकणार आहे, त्याने मोटर परत सोडण्याआधी आणि सोडल्यावर काय बघायचं.

असं वाक्य झालं की काय गाळायचं ते आपोआप कळतं. पिठाच्या गिरणीच्या मोटरी गेल्या. गेजचे तक्ते गेले, कारण वाचक तार गुंडाळणार नाही. मोनोब्लॉक मी ठेवा म्हणाले, तात्या नको म्हणाले, आणि तेच बरोबर होते: विहिरीवरची मोटर डोळ्यांसमोर असते, हात लावून ताप कळतो, वास येतो. बोअरची मोटर चारशे फुटांवर असते. ती बघण्याची रीतच वेगळी.

मधलं प्रकरण आधी लिहा

विषय कागदावर बरोबर दिसतो आणि लिहायला घेतला की कोलमडतो, असं नेहमी होतं. ते सहा महिन्यांनी कळण्यापेक्षा पंधरा दिवसांत कळलेलं बरं. म्हणून एकच प्रकरण लिहायचं, तेही मधलं. पहिलं प्रकरण कोणालाही लिहिता येतं, त्यात प्रस्तावनाच असते.

तात्यांनी 'एक फेज जातो तेव्हा' हे प्रकरण निवडलं. आठ-नऊ पानं लिहिली. दोन काळ्या आणि एक कोरी, स्टार आणि डेल्टा, फोटोसकट. मला ते आवडलं. पण माझ्या आवडण्याला इथे किंमत नाही. ते वाचायचं होतं वाक्यातल्या माणसाने. तात्यांच्या मेहुण्यांची मोटर नुकतीच जळाली होती. त्यांना ओसरीवर बसवून तात्यांनी प्रकरण वाचून दाखवलं, मी शेजारी बसून ते कुठे थांबवतात ते लिहीत होते. वाचून दाखवायचंच, नुसतं हातात द्यायचं नाही. हातात दिलं की माणूस 'छान आहे' म्हणून परत देतो.

मेहुणे दुसऱ्याच पानावर म्हणाले, "दाजी, हे सगळं मोटर जळाल्यावरचं झालं. मला स्टार्टरपाशी उभं राहून कसं कळणार?"

तात्यांचं सगळं ज्ञान उघडलेल्या मोटरीचं होतं आणि वाचक मोटर कधीच उघडणार नव्हता. विषय बरोबर होता, पण उभं राहायची जागा चुकली होती. पुस्तक दुकानातल्या टेबलावरून उचलून शेतातल्या स्टार्टरच्या पेटीपाशी न्यायला हवं होतं. सगळ्या शोधात खरं वळण हेच होतं, आणि ते कागदावर विचार करून आलं नसतं.

प्रकरण पुन्हा लिहिलं. यावेळी तात्यांनी एक गोष्ट सांगितली जी त्यांनी पहिल्या खेपेला लिहिलीच नव्हती, कारण ती सगळ्यांना माहीत असेल असं त्यांना वाटत होतं. बंद मोटर एक फेज नसताना सुरू केली तर ती फिरत नाही, नुसती घुमते, म्हणून ते लगेच कळतं. पण मोटर चालू असताना फेज गेला, तर फिरणारी मोटर त्या मोकळ्या तारेवर स्वतःच व्होल्टेज तयार करते. स्टार्टरवरचा व्होल्टमीटर जवळजवळ ठीक दाखवतो. शेतकरी बघतो, म्हणतो लाईट बरोबर आहे, आणि घरी जातो. अशा वेळी करंट बघायचा असतो: एका तारेत शून्य आणि उरलेल्या दोन तारांत नेहमीपेक्षा बराच जास्त. टोंग टेस्टर म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं मीटर. तो तिन्ही तारांना एकेक करून लावला की अर्ध्या मिनिटात कळतं. फेज गेला की मोटर बंद करण्यासाठी पेटीत प्रिव्हेंटर लावतात, पण फक्त व्होल्ट बघणारा स्वस्त प्रिव्हेंटरही याच कारणाने फसू शकतो. मेहुण्यांनी तो लावलेला होता. त्यांनी वाचन थांबवलं आणि उठून पेटी बघायला गेले.

श्रोता उठून गेला, मग मी वही मिटली.

दहा प्रसंग आहेत का

यानंतर थोडा हिशेब. डेमी आकाराच्या पानावर साधारण २५० ते ३०० मराठी शब्द बसतात आणि छपाईचा फॉर्म १६ पानांचा असतो. सहा फॉर्म म्हणजे ९६ पानं, सुमारे २५ हजार शब्द. पहिल्या पुस्तकाला एवढं पुष्कळ झालं. त्यात प्रत्यक्ष घडलेले, तपशिलासकट सांगता येतील असे निदान दहा प्रसंग हवेत, एकमेकांपेक्षा वेगळे. चारच निघाले तर तो लेखाचा विषय आहे, दिवाळी अंकाला द्या. तीस निघाले तर दोन विषय एकात मिसळलेत.

तात्यांचे अकरा निघाले. स्टार्टरचे कॉन्टॅक्ट झिजून एक फेज मधूनच सुटणं. पाण्याखालच्या केबलच्या जॉइंटात पाणी जाणं. जास्त करंट ओढला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले सारखा ट्रिप होतो म्हणून त्याचा काटा वर चढवणं, किंवा रिले वगळून तार डायरेक्टच जोडणं. दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटर ओढणं, हा आपल्याकडचा लाडका उद्योग. बोअरचं पाणी उतरून मोटर कोरडी चालणं. पाण्याने भरायची मोटर पाणी न भरताच खाली सोडणं. असे.

तुमची चूक त्या विषयात बसते का

ही परीक्षा मी प्रत्येकाला घेते, आणि इथे लोक नाराज होतात. विषयात स्वतःच्या हातून झालेल्या चुकीला जागा नसेल तर ते पुस्तक म्हणजे दुकानाची पाटी. वाचकाला ते लगेच कळतं.

१९ परत आलेल्या मोटरींपैकी १४चा दोष शेतावरचा होता. उरलेल्या पाच? तात्या गप्प. मग एकेक निघालं. दोन मोटरींत हवा तो गेज मिळाला नाही म्हणून एक नंबर बारीक तार घातली होती. एकाचा जॉइंट पोळ्याच्या आदल्या दिवशी घाईत टेप केला होता. राहिलेल्या दोन का जळाल्या ते त्यांना अजून माहीत नाही. मी म्हटलं, या पाचांचं एक प्रकरण होईल. त्यांनी आठ दिवस फोन केला नाही. नंतर प्रकरण पाठवलं, नाव दिलं होतं 'माझ्या हाताने'. मोटर घेताना मिस्त्रीला काय विचारायचं, जुनी तार तोलून दाखवायला सांगायची, नव्या तारेचा गेज बिलावर लिहून घ्यायचा, हे सगळं त्यात आलं. दुसऱ्या कोणत्याही मिस्त्रीने हे छापलं नसतं.

कुंपण

विषय ठरला की त्याचं कुंपणही लिहून ठेवा, म्हणजे लिहिताना पाय बाहेर जात नाही. तात्यांचं कुंपण स्टार्टरच्या पेटीचं आहे. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर चढून डिओ, म्हणजे तिथला फ्यूज कसा बसवायचा हे खेड्यात निम्म्या लोकांना 'येतं', आणि त्यात माणसं मरतात. ते पुस्तकात नाही. वायरमनला बोलवा, एवढंच आहे. पेटीतही हात घालायच्या आधी मेन बंद, आणि टोंग टेस्टर सोडून चालू लाईटवर काही नाही. वाचक तुमचं वाक्य वाचून एकटा उभा राहणार आहे, तुम्ही शेजारी नसाल. जे काम तुम्ही फोनवर कोणाला करायला सांगणार नाही, ते छापू नका.

दुसरं कुंपण नावांचं. वहीतली माणसं गावातली आहेत. कोणी चोरून लाईट घेतली, कोणाचे पैसे बुडाले, हे विषयाला लागत नाही. गाव आणि नाव बदलून भागत नाही कधीकधी, एचपी आणि पीक सांगितलं तरी चावडीवर ओळखतात. ज्यांचा प्रसंग सविस्तर येणार त्यांना आधी वाचून दाखवा. तात्यांना एकाने नकार दिला, तो प्रसंग काढला.

तिसरं, विषयाचं आयुष्य. आता सौर पंप येतायत: केंद्राची कुसुम योजना २०१९ची, राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' २०२४ची. सौर पंप पॅनेल आणि कंट्रोलरवर चालतो, खांबावरच्या तारेचा फेज जायचा प्रश्न तिथे येत नाही. मग हे पुस्तक किती दिवस चालणार? तात्यांना मी हे विचारलं तेव्हा त्यांनी हिशेब मांडला: आपल्या भागात लाईटवरच्या मोटरी अजून बऱ्याच वर्षं राहतील, आणि पाण्याखालचा जॉइंट, कोरडी चाल आणि पाणी न भरता सोडलेली मोटर सौरालाही सुटत नाही. अकरापैकी पाच प्रसंग दोन्हीकडे लागू होते. ते पुढे घेतले, फेजचे मागे. कंट्रोलरबद्दल एक ओळही लिहायची नाही असं ठरवलं, कारण तात्यांनी तो अजून उघडलेला नाही.

गाळलेलं फेकायचं नसतं. गिरणीच्या मोटरी, गेजचे तक्ते, उस्तादाच्या आठवणी, सगळं एका वेगळ्या वहीत गेलं. लाल शाईचं नाव असलेलीच ती वही. आणि दुकानातल्या जॉबच्या वहीत तात्यांनी एक नवा रकाना पाडलाय, 'गोल'च्या शेजारी: मोटर जळाली तेव्हा लाईट दिवसाची होती का रात्रीची. रात्री कोणी पेटीपाशी नसतं, म्हणून जास्त जळत असाव्यात असा त्यांचा अंदाज आहे. शंभर नोंदी झाल्यावर बघू म्हणाले. सध्या चाळीसवर आहेत.